एकवीस मिनिटांचा सातबारा आणि पाऊण मिनिटाची क्लिप

सातबारा कसा वाचायचा हे शिकवणारे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. त्यातले चांगले व्हिडिओ पंधरा-वीस मिनिटांच्या आत आटपत नाहीत, कारण विषयच तसा आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन नमुने एका कागदावर, त्यात भूधारणा पद्धती, क्षेत्र, आकार, पोटखराबा, खाते क्रमांक, नावं, फेरफार, इतर अधिकार. एक रकाना समजल्याशिवाय पुढचा समजत नाही, म्हणून सांगणारा माणूस क्रमाने सांगतो आणि त्याला वेळ लागतो. हे अगदी योग्य आहे.

अडचण येते ती नंतर. हाच व्हिडिओ आता लोकांनी उभ्या मोबाइलवर, अंगठ्याने सरकवत पाहावा असं वाटतं. मग मोठा व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर घेतला जातो, बऱ्या वाटणाऱ्या चार-पाच जागा कापल्या जातात, बाजू छाटून चौकट उभी केली जाते आणि ते तुकडे शॉर्ट किंवा रील म्हणून टाकले जातात. पाहणाऱ्याच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते असं: ‘तर मघाशी आपण जे पाहिलं, त्याच्याच खाली हा जो दुसरा रकाना आहे…’ मघाशी म्हणजे कधी? दुसरा म्हणजे कुठून दुसरा? अंगठा तेवढ्यात वर सरकलेला असतो.

दोष सांगणाऱ्याचा नाही आणि पाहणाऱ्याचाही नाही. कापलेलं वाक्य मुळात एकटं उभं राहण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. शिकवणीच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला टेकलेलं असतं, आणि टेकू काढला की ते पडतं. म्हणून उभी क्लिप कापून काढता येत नाही, ती पुन्हा लिहावी लागते. काम एडिटिंगच्या टेबलावर सुरू होत नाही, कागदावर सुरू होतं. ते कसं करायचं, हे सातबाऱ्याच्याच उदाहरणावर पाहू.

समजा, एका निवृत्त तलाठ्यांनी एकवीस मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. सावकाश समजावून सांगताना मराठी माणूस मिनिटाला साधारण ११५ शब्द बोलतो. (घड्याळ लावून स्वतःचा वेग मोजून पाहा. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून ते लांब होतात, त्यामुळे इंग्रजी स्क्रिप्टसाठी सांगितलेले शब्दांचे हिशेब आपल्याला लागू पडत नाहीत.) म्हणजे मूळ स्क्रिप्ट सुमारे २४०० शब्दांची झाली. पाऊण मिनिटाच्या क्लिपमध्ये मात्र ८५-९० शब्दच बसतात. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंदांची होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटांची झाली. पण मर्यादा वाढली म्हणून एका क्लिपमध्ये तीन विषय घालायला जागा झाली, असा अर्थ काढू नये. तीन मिनिटांची क्लिपसुद्धा एकाच प्रश्नाची असावी लागते.

प्रश्न हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मोठ्या स्क्रिप्टचे भाग विषयांनी पाडलेले असतात: आता क्षेत्र, आता खाते क्रमांक, आता इतर अधिकार. पाहणाऱ्याच्या डोक्यात विषय नसतात, प्रश्न असतात. त्याच्या हातात त्याच्या घरचा उतारा असतो आणि त्यावरची एखादी गोष्ट त्याला खटकत असते. म्हणून स्क्रिप्टची छापील प्रत घ्यायची, पेन घ्यायचं आणि समासात लिहीत जायचं की हा परिच्छेद माणसाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. जिथे प्रश्न सुचत नाही तो परिच्छेद क्लिप होत नाही, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो. आपल्या स्क्रिप्टमधली सुरुवातीची तीन मिनिटं, म्हणजे नमस्कार, सातबारा हे नाव कसं पडलं, महसूल खात्यातले गाव नमुने किती, ही याच चाळणीत गळतात. ती मोठ्या व्हिडिओत शोभतात. उभ्या क्लिपमध्ये त्यांना कुणी थांबणार नाही.

मग दुसऱ्या रंगाचं पेन घ्यायचं आणि टेकलेले शब्द गोल करायचे. ‘मघाशी’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘हा’, ‘तो’, ‘त्याचप्रमाणे’, ‘आता पुढे’. प्रत्येक गोल म्हणजे क्लिपमध्ये भरून काढायची एक उणीव. ज्या परिच्छेदात असे गोल दोन-तीन असतात, तो थोड्या कष्टाने स्वतंत्र होतो. दहा-बारा असतील तर तो सोडून द्यावा. वारस नोंदीचा आणि वाटपाचा भाग असाच गच्च भरलेला निघतो, आणि ते साहजिक आहे, कारण तो समजायला आधीचं सगळं समजलेलं असावं लागतं.

या दोन चाळण्यांतून आपल्या एकवीस मिनिटांत चार प्रश्न उरतात. क्षेत्राचा आकडा म्हणजे किती एकर? नाव कंसात का आहे? इतर अधिकार या रकान्यात काय पाहायचं? आणि भोगवटादार वर्ग २ असेल तर काय? चारच. दहा क्लिप्स काढायच्या असं आधी ठरवून बसलं की पाचवीपासून पाणी घालायला सुरुवात होते.

आता क्षेत्राचा भाग जवळून पाहू. मूळ स्क्रिप्टमध्ये तो असा आहे:

‘आता आपण मघाशी पाहिलेल्या भूधारणा पद्धतीच्या खाली आलो. इथे क्षेत्र दिलेलं असतं. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर या एककांत असतं. आपल्याकडे जुनी माणसं मात्र एकर आणि गुंठ्यांतच बोलतात. तर एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर एकोणीस गुंठे. आपल्या उदाहरणात ०.८१.०० लिहिलेलं आहे, म्हणजे ते किती होतं हे तुम्हाला काढता येईल.’

यात चूक काहीच नाही. वही घेऊन बसलेल्या माणसाला हे पुरतं. पण चौथं समीकरण येईपर्यंत पहिलं विसरलेलं असतं, आणि ज्या आकड्यासाठी माणूस थांबला असता तो शेवटी येतो, तोही उत्तराशिवाय. क्लिप लिहिताना क्रम उलटा करावा लागतो. आकडा सगळ्यात आधी, मग तो फोडण्यापुरतंच ज्ञान, मग उत्तर. चार समीकरणांतली दोनच ठेवायची. उरलेली खरी आहेत, पण या प्रश्नाला लागत नाहीत.

‘शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलंय ०.८१.००. ही जमीन एक एकरापेक्षा कमी की जास्त? पहिला आकडा हेक्टर. इथे शून्य. मधला आकडा आर. इथे एक्याऐंशी. शेवटचा चौरस मीटर, तोही शून्य. एकच गोष्ट लक्षात ठेवा. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. म्हणजे एक्याऐंशी आर, साधारण ऐंशी गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ही जमीन झाली दोन एकर. हा अंदाज आहे, व्यवहारात हेक्टर-आरचाच आकडा धरा. आता तुमच्या उताऱ्यावरचा मधला आकडा बघा आणि त्याला चाळीसने भागा.’

सत्तर-पंचाहत्तर शब्द, चाळीस सेकंद. वाचायला छान वाटतं, आणि तरीही यात एक खड्डा आहे. एखाद्याच्या उताऱ्यावर १.२०.०० लिहिलेलं असेल तर? तो मधला वीसचा आकडा घेईल, चाळीसने भागेल आणि आपली जवळजवळ तीन एकर जमीन अर्धा एकर समजेल. मोठ्या व्हिडिओत ही चूक होत नाही, कारण तिथे ‘एक हेक्टर म्हणजे शंभर आर’ हे वाक्य आधी येऊन गेलेलं असतं. आपण ते काढलं आणि शेवटचं वाक्य धोक्याचं झालं. म्हणून शेवट असा लिहावा लागतो: ‘पहिला आकडा शून्य नसेल, तर प्रत्येक हेक्टरचे शंभर आर मधल्या आकड्यात मिळवा, आणि मग चाळीसने भागा.’ दहा-बारा शब्द वाढले, पाच-सहा सेकंद वाढली. ती द्यायलाच हवीत.

प्रत्येक क्लिप लिहून झाल्यावर हा खड्डा शोधावा लागतो. रीत सोपी आहे. मूळ परिच्छेदातून काय काय गाळलं त्याची यादी करायची, आणि प्रत्येक गाळलेल्या वाक्यापुढे विचारायचं: हे माहीत नसलेला माणूस माझी क्लिप पाहून काही चुकीचं करेल का? करणार असेल तर ते वाक्य परत आणायचं. ‘जवळजवळ’ हा शब्दही याच यादीतून परत आला. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन एकरांवर हा फरक एका गुंठ्याच्या जवळ जातो, म्हणजे साधारण हजार चौरस फुटांच्या. गप्पांमध्ये तो कुणी मोजत नाही. खरेदीखतात मोजतात.

दुसरी क्लिप कंसातल्या नावाची. मूळ स्क्रिप्टमध्ये ही माहिती खातेदार, वारस आणि फेरफार यांच्या मध्ये दडलेली आहे, आणि आधीच्या सहा मिनिटांना टेकलेली आहे. पण प्रश्न इतका जिवंत आहे की कष्ट घ्यायला हरकत नाही. हुक सरळ कागदावरून घ्यायचा: ‘उताऱ्यावर आजोबांचं नाव कंसात आहे. याचा अर्थ काय?’ उत्तर दोन ओळींचं आहे. कंसातलं नाव सातबाऱ्यावरून कमी झालेलं असतं. ते का आणि कधी कमी झालं हे सातबारा सांगत नाही, फेरफार नोंदवही सांगते, म्हणजे गाव नमुना सहा. शेवट: ‘त्या फेरफाराची नक्कल मागा, कारण तिथेच वाचायला मिळेल.’

इथे एका शब्दावर बराच वेळ घालवावा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या खर्ड्यात कुणीही लिहील की ‘कंसात नाव म्हणजे हक्क गेला.’ हे वाक्य चटकदार आहे, पटकन कळतं, आणि चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी आहे असं धरलं जातं, पण त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकी हक्काचा वाद त्याच्या एका कंसाने मिटत नाही. म्हणून ‘हक्क गेला’ नाही, ‘सातबाऱ्यावरून नाव कमी झालं’ असंच म्हणायचं. मोठ्या व्हिडिओत एखादं वाक्य सैल पडलं तर पुढे ते सावरता येतं. पाऊण मिनिटाच्या क्लिपला पुढचं मिनिट नसतं. ही क्लिप दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याला पाठवली, तर त्या दोन शब्दांवर घरात भांडण उभं राहू शकतं.

उरलेल्या दोन क्लिप्स सोप्या आहेत. इतर अधिकारांची क्लिप जमीन घेणाऱ्याच्या बाजूने लिहावी: ‘जमीन बघून आलात, भाव ठरला. आता उताऱ्याच्या उजव्या टोकाचा हा रकाना वाचा.’ बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, अशा नोंदी तिथे असतात. वर्ग २ च्या क्लिपमध्ये सांगायचं इतकंच की ही जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही, आणि हा शब्द उताऱ्यावर कुठे छापलेला असतो. परवानगी कशी मिळते, नजराणा किती, वर्ग १ मध्ये रूपांतर होतं का, हे सगळं त्या क्लिपच्या बाहेर. प्रत्येक जमिनीचं प्रकरण वेगळं असतं, तिथे पाऊण मिनिटाने हात घालू नये.

हुकबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याच्या नावावर बरंच वाईट लिखाण चालतं. ‘नव्वद टक्के लोकांना हे माहीत नाही’, ‘हा व्हिडिओ डिलीट होण्याआधी पाहा’, ‘शेवटपर्यंत थांबा’. पहिल्यातला आकडा कुणीही मोजलेला नसतो, दुसरं खोटं असतं, आणि तिसरं म्हणजे आपल्याकडे थांबवण्यासारखं काही नाही याची कबुलीच असते. शिकवणीच्या क्लिपचा चांगला हुक म्हणजे पाहणाऱ्याच्या हातात असलेली वस्तू आणि तिच्याबद्दल त्याला न सुटलेला प्रश्न. ०.८१.०० हा आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर आला, की ज्याच्या घरी शेती आहे तो थांबतो. ज्याच्या घरी नाही तो पुढे जातो, आणि त्याने जायलाच हवं. सगळ्यांना थांबवण्याचा हट्ट धरला की हुक ओरडायला लागतो.

लिहिण्याचा क्रमही सांगतो. आधी शेवट लिहावा, मग मधलं, आणि हुक सगळ्यात शेवटी. शेवट ठरल्याशिवाय हुकने काय वचन द्यायचं हे कळत नाही. लिहून झाल्यावर मधला सगळा मजकूर हाताने झाका आणि फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य एकामागोमाग वाचा. प्रश्न आणि त्याचं उत्तर, किंवा अडचण आणि तिच्यावर करायची कृती, असं जोडपं ऐकू आलं तर क्लिप बांधलेली आहे. ‘ही जमीन एक एकरापेक्षा कमी की जास्त?’ आणि ‘चाळीसने भागा’ हे जोडपं आहे. ‘ही जमीन एक एकरापेक्षा कमी की जास्त?’ आणि ‘चॅनेलला सबस्क्राइब करायला विसरू नका’ हे नाही.

प्रत्येक क्लिपचा शेवट वेगळा असावा, म्हणजे वेगळ्या शब्दांचा नव्हे, वेगळ्या कामाचा. क्षेत्राची क्लिप हिशेब करायला लावून संपते. कंसाची क्लिप कागद मागायला पाठवते. इतर अधिकारांची क्लिप सावध करून संपते: ‘रकाना कोरा आहे म्हणजे जमिनीवर काहीच नाही, असं धरून चालू नका. वकिलाकडून शोध घ्या.’ वर्ग २ ची क्लिप थांबवते: ‘हा शब्द दिसला तर इसार देण्याआधी तलाठी कार्यालयात विचारा.’ चारही क्लिप्सना एकच शेपूट जोडलेलं असेल, तेच संगीत, तीच चॅनेलची पाटी, तर दुसरी क्लिप पाहणाऱ्याला ते ओळखू येतं आणि तो शेवटचं कामाचं वाक्य ऐकण्याआधीच निघून जातो. ‘तर मित्रांनो’ या दोन शब्दांचाही असाच परिणाम होतो. ते ऐकले की माणसाला वाटतं, संपलं.

‘उरलेलं भाग दोनमध्ये’ हा शेवट तर टाळावाच. भाग दोन त्या माणसासमोर येईल की नाही हे आपल्या हातात नसतं, आणि क्लिप्स क्रमाने दिसत नाहीत. चौथी आधी, पहिली कधीच नाही, असंही होतं. प्रत्येक क्लिप अशी लिहावी की तीच एकटी त्या माणसाला दिसणार आहे. ज्याला सगळं शिकायचं आहे त्याला मोठ्या व्हिडिओकडे नेण्याची सोय वेगळी आहे. शॉर्टच्या वर्णनात टाकलेली लिंक २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून दाबता येत नाही. त्याऐवजी यूट्यूबने ‘संबंधित व्हिडिओ’ जोडायची सोय दिली आहे, ती वापरावी. बोलून सांगण्यात सेकंद घालवू नयेत.

आता चौकट. आडव्या व्हिडिओची रुंदी १९२० आणि उंची १०८० पिक्सेल असते. त्याच उंचीची उभी चौकट छाटायची तर तिची रुंदी ६०७ पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे मूळ चित्राचा एक तृतीयांशापेक्षाही कमी भाग. सातबाऱ्याचा तक्ता रुंद असतो. छाटल्यावर नाव दिसतं तर क्षेत्र दिसत नाही, क्षेत्र दिसतं तर इतर अधिकार चौकटीबाहेर. पूर्ण पान लहान करून बसवलं तर अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून छाटायचं नाही, पुन्हा चित्रित करायचं. त्या क्लिपला लागणारी एकच ओळ किंवा एकच रकाना मोठ्या अक्षरात छापून घ्यावा, टेबलावर ठेवावा, मोबाइल उभा धरून वरून चित्रित करावं आणि आकड्यावर बोट किंवा पेन्सिलीचं टोक ठेवत बोलावं. सुरुवातीला दोन सेकंद पूर्ण पान दाखवून त्यावर ती जागा घेरून दाखवली, तर पाहणाऱ्याला आपल्या उताऱ्यावर ती कुठे शोधायची हे कळतं. ते टाळू नये.

चौकटीचा तळ आणि उजवी कड मोकळी सोडायची असते. तळाशी चॅनेलचं नाव आणि शीर्षक येतं, उजवीकडे लाइक-कमेंटची बटणं येतात. तळाचा साधारण पाचवा हिस्सा आपला नाहीच असं समजावं. उत्तराचा आकडा नेमका तिथे लिहिला, तर तो ‘सबस्क्राइब’च्या मागे लपतो. पडद्यावरचा मजकूरही जपून लिहावा. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे प्रश्न, मधला आकडा आणि उत्तर हे तिन्ही लिहिलेले हवेत. पण बोललेलं प्रत्येक वाक्य खाली धावू लागलं, तर कागदावरचा आकडा कुणी पाहत नाही. आपली क्लिप एकदा आवाज बंद करून पाहा. उत्तर कळलं तर मजकूर पुरेसा आहे.

आणि एक काळजी, जी सातबाऱ्यापुरती खास आहे. कुणाचाही खरा उतारा दाखवू नये. त्यावर नावं असतात, गट नंबर असतो, कर्जाचा बोजा असतो. मोठ्या व्हिडिओत नाव झाकलं होतं म्हणून भागलं, असं होत नाही. उभ्या चौकटीत तेच अक्षर बरंच मोठं होतं आणि झाकलेली पट्टी एखाद्या फ्रेममध्ये सरकलेली असते. काल्पनिक नावांचा नमुना उतारा तयार करावा आणि त्यावर ठळक अक्षरात ‘नमुना’ असं लिहावं, म्हणजे त्याचा स्क्रीनशॉट भलत्या कामाला जाणार नाही.

क्लिप टाकल्यावर ती कुठे चुकली हे आलेखावरून बऱ्यापैकी कळतं. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक शॉर्टखाली किती लोक थांबले आणि किती सरकले ते दिसतं, आणि सेकंदागणिक किती जण उरले त्याची रेघही दिसते. नुसत्या व्ह्यूजवर भिस्त ठेवू नये. मार्च २०२५ अखेरपासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, पाहणारा थांबला की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. रेघ पाहावी. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ती कोसळत असेल तर दोष हुकचा. पहिल्या वाक्यात ‘नमस्कार’ राहिला असेल, किंवा आकडा उशिरा आला असेल. मध्येच एका जागी उतार तीव्र होत असेल तर त्या सेकंदाचं वाक्य स्क्रिप्टमध्ये शोधा. बहुतेक वेळा तिथे एक जास्तीचं समीकरण किंवा ‘मघाशी’ सापडतो. अगदी शेवटी कडा तुटल्यासारखी रेघ पडत असेल तर आपण संपल्याची वर्दी आधीच दिली आहे. आणि एखाद्या जागी रेघ वर चढत असेल, तर लगेच खूश होऊ नये. लोक मागे जाऊन ते पुन्हा पाहत आहेत, आणि त्याचं कारण आवड असेल तसंच न कळणंही असेल. ‘एक्याऐंशी आर म्हणजे ऐंशी गुंठे’ या जागी अशी चढण दिसली, तर तिथे वाक्याचा वेग कमी करायला हवा.

कमेंट्स मात्र रेघेपेक्षा जास्त सांगतात. क्षेत्राच्या क्लिपखाली ‘माझ्याकडे तीनच्या जागी दोनच आकडे आहेत’ असं पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर समजावं की ते बिनशेती उतारे पाहत आहेत. त्यांवर क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्येच असतं. ‘शेतजमिनीच्या’ हा एक शब्द हुकमध्ये ठेवला होता तो याचसाठी, आणि तो ऐकू जात नसेल तर पडद्यावरही लिहावा.

शेवटची गोष्ट तारखेची. मोठा व्हिडिओ कधीचा आहे हे लोक बघतात. शॉर्ट मात्र तारखेशिवाय फिरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की मुळीच कळत नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. कमी झालेली नावं आणि फिटलेले बोजे आधी नुसते कंसात दाखवत, आता कंसाबरोबर त्यांवर आडवी रेघही मारलेली असते. जुन्या स्क्रिप्टवरून आज क्लिप काढली आणि त्यात नुसता कंस सांगितला, तर नवा उतारा हातात असलेला माणूस त्या रेघेपाशी अडखळेल. म्हणून क्लिपच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिहा. उताऱ्याची फी, संकेतस्थळावरची बटणं अशा बदलणाऱ्या गोष्टी तोंडाने सांगू नका, वर्णनात लिहा, तिथे त्या दुरुस्त करता येतात. आणि नियम बदलला की मोठ्या व्हिडिओखाली खुलासा टाकून थांबू नका. त्या विषयाची क्लिप काढून टाका आणि नवी टाका.